मदत हवी आहे: चवीची वही लिहितोय, पण मला नक्की काय आवडतं ते वहीतून कळत नाही

निखिल_सातरस्ता

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा. महिन्यातून तीन-चार वेळा घरीच थोडी वाईन किंवा बिअर घेतो, कधी एखादा पेग. दुकानात गेलो की दरवेळी काय घ्यावं तेच सुचत नाही. म्हणून हिवाळ्यापासून एक वही ठेवली आहे. तारीख, नाव, पाचपैकी तारे आणि एक-दोन शब्द, एवढंच लिहितो. आता उन्हाळा आला, पानं भरली, पण त्यातून आवडीनिवडीचा काही अंदाज लागत नाही. नमुन्यादाखल काही नोंदी देतो:

जानेवारी, सांजोवेझे (रेड): ४ तारे, "मस्त, फळासारखी". सोबत पनीर.
फेब्रुवारी, शनँ ब्लां (व्हाईट): ४ तारे, "हलकी, गोडसर".
मार्च, सोव्हिन्यों ब्लां (व्हाईट): २ तारे, "गवताचा वास".
मार्च, व्हीट बिअर: ४ तारे, "मऊ".
मार्च, स्ट्राँग बिअर: २ तारे, "जड, कडू".
एप्रिल, रम कोलातून: ४ तारे.
एप्रिल, सांजोवेझे, तोच ब्रँड, तेच साल: २ तारे, "आंबट, घशात जळजळ". सोबत भाकरी, शेंगाचटणी, वांग्याची भाजी.

मला सगळ्यात जास्त खटकते ती शेवटची नोंद. तीच वाईन जानेवारीत चार तारे आणि एप्रिलमध्ये दोन! मग यातला खरा आकडा कोणता? वहीत अजून काय लिहायला हवं? ॲप नको आहे, वहीच बरी.

पुण्यातला_सोलापुरी

तारे काढून टाक, शंभरपैकी मार्क दे. पाचात फार गर्दी होते. आणि नोंद लेबल न बघता कर. घरातल्या कुणाला तरी ओतायला सांग, किंमत कळली की जीभ बदलते, हे मी अनुभवाने सांगतो. वासांची यादी मिळते (चेरी, तंबाखू, चामडं वगैरे), ती समोर ठेवून खुणा करत जा. आणि रेड वाईन नेहमी रूम टेम्परेचरलाच प्यायची, फ्रिजमध्ये ठेवली असशील तर तिथेच बिघडलं.

नान्नजचा_बागायतदार

मी द्राक्षवाला माणूस, वाईन फारशी घेत नाही, पण वहीबद्दल बोलू शकतो. आमच्या बागेच्या वहीत नुसतं "माल गोड" असं लिहून भागत नाही. बेदाण्याचा माल उतरवताना रिफ्रॅक्टोमीटरवर किती ब्रिक्स आली, त्या दिवशी ऊन कसं होतं, पाणी कधी तोडलं, हे सगळं लिहितो. पुढच्या वर्षी तेच उपयोगी पडतं. तुमच्या वहीत हवामानच नाही. जानेवारी आणि एप्रिल म्हणजे सोलापुरात दोन वेगळे मुलूख.

जाता जाता माझाही प्रश्न: आमच्या थॉमसन द्राक्षाची चांगली वाईन का होत नाही? अकलूजकडे मोटेवाडीला फ्रातेल्ली वायनरीची बाग आहे, तिथे सगळी वेगळीच झाडं लावलेली आहेत.

शलाका_विजापूर_रोड

निखिल, बागायतदार काकांनी नेमकं बोट ठेवलं आहे. मी काही वर्षं नाशिकला वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये काम केलं आहे, त्या अनुभवावरून लिहिते.

आधी तापमान. रेड वाईन "रूम टेम्परेचरला" हा सल्ला थंड देशांतल्या घरांवरून आला आहे. तिथे रूम म्हणजे सोळा-अठरा अंश. एप्रिलमध्ये आपल्याकडे रात्री नऊ वाजता खोलीत चौतीस-पस्तीस असतं. इतक्या गरम वाईनमधून अल्कोहोल भराभर उडतं, फळाचा वास त्याखाली दबतो आणि नाकाला, घशाला चरचर लागते. तुमची "जळजळ" बरीचशी तिथून आली असावी.

दुसरं कारण ताटात आहे. तिखट आणि अल्कोहोल, दोन्ही तोंडातल्या एकाच जळजळीच्या संवेदनेला चाळवतात, त्यामुळे शेंगाचटणीवर घेतलेली कोणतीही रेड जास्त झोंबते. पनीरचं उलट आहे. त्यातली प्रथिनं रेडचा तुरटपणा धरून ठेवतात, म्हणून ती मऊ लागते. म्हणजे तुमचे दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते त्या वाईनचे एकटीचे नाहीत.

म्हणून ताऱ्यांच्या आधी तीन गोष्टी लिहा: पेय किती थंड होतं, सोबत किंवा आधी काय खाल्लं, आणि बाटली उघडून किती दिवस झाले. स्वयंपाकाचा साधा डिजिटल थर्मामीटर ग्लासात बुडवला की आकडा मिळतो. रेड थंड करायला बर्फ-पाण्याच्या बादलीत पंधरा-एक मिनिटं पुरतात, फ्रिजमध्ये दीडेक तास लागतो. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्येच ठेवायची. तीन-चार दिवसांनी फळाचा वास उतरतो आणि चव सपाट होते. अशा ग्लासाला दिलेले तारे मी धरत नाही.

मग चव. वासांची यादी सुरुवातीला बाजूला ठेवा. यादीत चेरी दिसली की चेरीचा वास यायलाच लागतो. त्याऐवजी पाच प्रश्न: गोड किती, आंबट किती, तुरट किती, कडू किती, आणि गिळल्यावर ऊब किती. प्रत्येकाला कमी, मध्यम, जास्त. शंभरपैकी मार्कांना मात्र माझा विरोध आहे. आज ८२ आणि पुढच्या महिन्यात ८५ यातला फरक आपल्या जिभेला कळत नाही. लेबल झाकण्याचा सल्ला अगदी बरोबर आहे, तो पाळा.

आंबट आणि तुरट यात बहुतेकांचा घोळ होतो. घोट गिळून दहा सेकंद थांबा. तोंडात पाणी सुटलं तर आंबट. हिरड्या आणि गालांची आतली बाजू कोरडी, खरखरीत झाली तर तुरट. खात्री करायची तर एक कप लिंबूपाणी आणि एक कप दहा मिनिटं मुरवलेला बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा घेऊन बसा.

आता तुमच्या नोंदी. चार तारे मिळालेल्यांत शनँ ब्लां आहे, जिच्यात आपल्याकडे अनेकदा थोडी साखर शिल्लक ठेवतात. व्हीट बिअर आहे, जिच्यात कडवटपणा कमी असतो. आणि कोलातली रम आहे. यावरून तीन शक्यता दिसतात: तुम्हाला गोडी आवडते, किंवा कडू-तुरट नको असतं, किंवा नुसतं थंड हवं असतं. तिन्ही एकमेकांत गुंतल्या आहेत आणि नवीन ब्रँड आणून त्या सुटणार नाहीत. एकाच वेळी एकच गोष्ट बदला. एक सांजोवेझे आणा, दोन सारख्या ग्लासांत चाळीस-चाळीस मिली, एक सतरा अंशांवर, दुसरा खोलीच्या तापमानाला. आधी काही तिखट खाऊ नका, मधे साधे मुरमुरे आणि पाणी. लक्षात ठेवा, थंडाव्याने ऊब कमी होते, पण तुरटपणा उलट जास्त जाणवतो. थंड ग्लास आवडला तर तुमची तक्रार तुरटपणाची नव्हती, गरमपणाची होती.

बागायतदार काका, थॉमसनची साल पातळ, मणी मोठा, बी नाही आणि वास अगदी सौम्य. वाईनच्या द्राक्षाचा मणी लहान असतो, म्हणून रसाच्या मानाने सालं आणि बिया जास्त. रेडचा रंग आणि तुरटपणा तिथूनच येतो.

उमा_ताई

माझ्या भावाला रोजची सवय आहे. अशी वही ठेवली की कमी होते का? कुणाचा अनुभव असेल तर कृपया सांगा.

शलाका_विजापूर_रोड

उमाताई, निखिलची वही वेगळ्या कामाची आहे. भावासाठी वही ठेवलीत तर तीत चव नको, रोज किती आणि किती वाजता घेतली तेवढं असू द्या आणि ती डॉक्टरांना दाखवा. रोज जास्त घेणाऱ्याने एकदम बंद केली तर झटके येण्यापर्यंत त्रास होऊ शकतो, त्यामुळे घरच्या घरी अचानक तोडू नका.

निखिल_सातरस्ता

शलाकाताई, शनिवारी करून बघितलं. बायकोने ओतलं, ग्लासांच्या बुडाला चिठ्ठ्या. थंड ग्लास कुठला ते हाताला कळतंच, म्हणून तिने दोन्ही ग्लास जाड रुमालात गुंडाळून दिले. तरी पहिल्या घोटात कळलंच, पण आवड लपली नाही. थर्मामीटरवर एक १८, दुसरा ३४. थंडवाला: आंबट मध्यम, तुरट जास्त, ऊब कमी, चार तारे. गरमवाला: आंबट मध्यम, तुरट मध्यम, ऊब जास्त, दोन तारे. म्हणजे तुरटपणा मला चालतो! मी आजवर "मला रेड झेपत नाही" म्हणत होतो.

मग दोन्ही ग्लासांवर जरा शेंगाचटणी खाऊन बघितली. दोन्ही सारखेच झोंबले. चटणीच्या दिवशी आता वेगळं काहीतरी लागेल.

एक शंका राहिली. स्ट्राँग बिअर नावडली ती कडूपणामुळे की अल्कोहोलमुळे?

शलाका_विजापूर_रोड

उत्तम नोंद. रेडचा निकाल बराचसा लागला, फक्त अजून एखाद्या संध्याकाळी ग्लासांचा क्रम उलटा करून बघा. पहिला ग्लास उगीचच थोडे जास्त मार्क खातो.

बिअरसाठी स्ट्राँगच्या शेजारी साधी माइल्ड लागर ठेवा, दोन्ही एकाच तापमानाला. स्ट्राँगमध्ये अल्कोहोल आठ टक्क्यांपर्यंत असतं, माइल्डमध्ये पाचच्या आत. आपल्याकडच्या बहुतेक स्ट्राँग बिअरमध्ये हॉप्सचा कडूपणा फार नसतो, त्यामुळे मला अल्कोहोलचा संशय आहे. पण हॉप्स भरपूर घातलेली एखादी आयपीए प्यायल्याशिवाय कडूबद्दल काही लिहू नका. चटणीच्या दिवशी ती थोडी गोडसर शनँ ब्लां आठ-दहा अंशांवर लावून बघा.

रमचे चार तारे मात्र खोडा. कोलात शंभर मिलीला दहा-अकरा ग्रॅम साखर असते, ते तारे तिचे आहेत. पंधरा मिली रम, तितकंच साधं पाणी, आणि मग लिहा.

पुण्यातला_सोलापुरी

तापमानाचं पटलं, इथे पुण्यातही करून बघेन. पण रमचं नाही पटलं. तो माणूस रम कोलातूनच पिणार आहे. मग साध्या पाण्यातली नोंद त्याच्या काय कामाची? जसं पिणार तसंच चाखायला हवं.

शलाका_विजापूर_रोड

कोलातूनच प्यायची असेल तर तुमचं म्हणणं चालेल. मग दोन वेगवेगळ्या रम एकाच कोलात, सारख्या मापाने, लेबल झाकून चाखा. फरक कळला नाही तर स्वस्तातली घ्या. निखिलला रम आवडते की नाही, हे मात्र त्यातून कळणार नाही.

निखिल_सातरस्ता

दोन्ही करतो. आधी पाण्यातून, मग पुढच्या महिन्यात कोलातून. थर्मामीटर आता वहीतच ठेवला आहे.