रेझ्युमेत ‘५५ वरून ६९ टक्के’ लिहावं का? प्रॉडक्ट मॅनेजरच्या जेडीतले चार शब्द आणि माझ्या ओळी

नाचणी
सहा वर्षं अनुभव. चार वर्षं बिझनेस अ‍ॅनालिस्ट, दोन वर्षं प्रॉडक्ट ओनर, कर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या अ‍ॅपवर. प्रॉडक्ट मॅनेजरच्या २३ जागांसाठी अर्ज केले, फोन एकच आला. सगळ्या जेडींमध्ये, म्हणजे जागेसोबत दिलेल्या कामाच्या वर्णनांमध्ये, तेच चार शब्द दिसतात: डिस्कव्हरी, प्रायॉरिटायझेशन, मेट्रिक्स, आणि हाताखाली नसलेल्या टीम्सकडून काम करून घेणं. माझ्या रेझ्युमेत अशा ओळी आहेत: ‘बॅकलॉग सांभाळला, ३०० हून अधिक यूजर स्टोरीज लिहिल्या’, ‘विविध स्टेकहोल्डर्सशी समन्वय साधला’, ‘अर्ज पूर्ण होण्याचं प्रमाण ५५ वरून ६९ टक्क्यांवर नेलं’. चार शब्द थेट घालावेत का? आणि आकड्याची ओळ पुरेशी आहे का? मोकळेपणाने सांगा.

चौथा मजला
मी भरती करते, म्हणून टेबलाच्या या बाजूचं सांगते. शब्द घाला, जसेच्या तसे घाला. नोकरी डॉट कॉमच्या रेझडेक्समध्ये, म्हणजे त्यांच्या रेझ्युमेंच्या साठ्यात, मी शब्द टाकून शोधते, सोबत अनुभवाची वर्षं, नोटीस पीरियड आणि शहर. ‘प्रॉडक्ट डिस्कव्हरी’ टाकलं आणि तुमच्या रेझ्युमेत ते नसलं, तर तुम्ही कितीही चांगलं काम केलेलं असो, माझ्या यादीत तुम्ही येतच नाही. आकड्याची ओळ छान आहे, तशाच आणखी चार करा. प्रत्येक ओळीत आकडा हवा.

पाषाण रोड
माझा अनुभव वेगळा आहे. मी पीएमपी हे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट घेतलं आणि रेझ्युमेत वर लिहिलं: किती प्रोजेक्ट वेळेत दिले, बजेट किती वाचवलं, टीम किती जणांची होती. तीन महिन्यांत ऑफर आली. ताई, तुमच्या रेझ्युमेत डिलिव्हरीच्या तारखा कुठेच नाहीत. त्या घाला.

लोकलचा डबा
पाषाण रोड, तुम्ही म्हणता ते प्रोजेक्ट मॅनेजरच्या जागेसाठी बरोबर आहे. ताईंना हवी आहे ती जागा वेगळी. तिथे ‘वेळेत दिलं’ याच्या आधीचा प्रश्न विचारतात: हेच का द्यायचं ठरवलं, आणि दुसरं काय बाजूला ठेवलं?

नाचणी, मी आठ वर्षं प्रॉडक्टमध्ये आहे आणि रेझ्युमे चाळायचं काम माझ्याकडे असतं. ‘३०० यूजर स्टोरीज’ वाचलं की मला एवढंच कळतं की कुणीतरी ठरवलेलं तुम्ही नीट लिहून काढलंत. ‘समन्वय साधला’ यातून काहीच कळत नाही. ५५ वरून ६९ वर मात्र मी थांबेन आणि लगेच विचारेन, कसं? ते आधी इथे सांगा, मग ओळीचं बघू.

नाचणी
सांगते. अर्ज सुरू करणारे बरेच लोक पॅन कार्डाच्या पानावरच थांबत होते. सगळे म्हणत होते की लोकांना कळत नाही, सूचना वाढवा. विक्रीप्रमुखांना तिथे चॅटबॉट हवा होता, त्याचा अंदाज सहा आठवडे. मी अर्ज अर्धवट सोडलेल्या ११ जणांना स्वतः फोन केले. सात जणांनी एकच गोष्ट सांगितली: कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये आहे, पण अ‍ॅप फक्त कॅमेरा उघडतं. एक जण म्हणाले, “कार्ड गावी आईकडे आहे, तिने फोटो पाठवलाय, तो कुठे टाकू?”

गॅलरीतून फोटो घेऊ द्यायचं काम नऊ दिवसांचं होतं. रिस्क टीम तीन आठवडे नाही म्हणत होती, कारण फोटोत फेरफार करून लोक टाकतील. शेवटी असं ठरलं की गॅलरी फक्त पॅनसाठी, कारण पॅन क्रमांक नाहीतरी आयकर खात्याच्या नोंदीशी ताडला जातो. सेल्फी मात्र कॅमेऱ्यानेच. शिवाय पहिले दोन आठवडे गॅलरीतून आलेला प्रत्येक पॅन ऑपरेशन्सचा माणूस डोळ्यांनी तपासेल. नाकारल्या गेलेल्या पॅनचं प्रमाण वाढलं नाही, मग तपासणी थांबवली. सहा आठवड्यांनी आकडा ६९ होता.

लोकलचा डबा
ताई, जेडीतले चारही शब्द तुमच्या या एका गोष्टीत आहेत, आणि रेझ्युमेत त्यातलं काहीही नाही! ११ फोन ही डिस्कव्हरी. चॅटबॉट बाजूला ठेवून नऊ दिवसांचं काम आधी घेणं हे प्रायॉरिटायझेशन. रिस्कला त्यांची भीती सांभाळून हो म्हणायला लावणं हे चौथं. ‘समन्वय’ या शब्दाखाली तुम्ही आपलं सगळ्यात मोठं काम गाडून टाकलंय. कोण नाही म्हणत होतं आणि कशामुळे हो म्हणालं, एवढं एका ओळीत आलं तरी पुरे.

आता आकड्याबद्दल. त्याच सहा आठवड्यांत आणखी काय बदललं? जाहिराती, ऑफर, ग्राहक कुठून येतात ते?

नाचणी
हो, मार्केटिंगने ऑनलाइन जाहिरातींचा खर्च कमी करून शाखांवर भर दिला. आधी दर १००० अर्जांत ५०० जाहिरातीतून आणि ५०० शाखांतून यायचे. नंतर २०० आणि ८००. शाखेतून आलेले आधी ७० टक्के पूर्ण करायचे, आता ७५. जाहिरातीतले आधी ४०, आता ४५.

लोकलचा डबा
मग हिशोब मांडूया. आधी शाखेचे ३५० आणि जाहिरातीचे २००, मिळून ५५०, म्हणजे ५५ टक्के. नंतर ६०० आणि ९०, मिळून ६९०. पण समजा तुम्ही काहीच केलं नसतं, नुसती माणसं बदलली असती. ८०० चे ७० टक्के ५६० आणि २०० चे ४० टक्के ८०, म्हणजे ६४०. मार्केटिंगच्या त्या एका निर्णयानेच आकडा ६४ वर गेला असता. १४ अंकांतले ९ तुमचे नाहीत. तुमच्या वाट्याला फार तर ५ येतात.

मी मुलाखतीत हेच विचारेन. १४ वर ठाम राहणाऱ्याला मी पुढे पाठवत नाही. ‘दोन्ही गटांत प्रत्येकी ५ अंक’ असं स्वतःहून लिहिणाऱ्याला पहिल्याच दिवशी फोन करेन, कारण मेट्रिक्स कळणं म्हणजे हेच.

चौथा मजला
दादा, तुमचा मुद्दा मुलाखतीसाठी पटतो. पण तो रेझ्युमे तुमच्यापर्यंत पोचायला आधी माझ्याकडून पुढे जावा लागतो. एका जागेला शेकड्यांनी अर्ज येतात. शेजारच्या रेझ्युमेत ‘४० टक्के वाढ’ आणि इथे ‘५ अंक’. मला दोन्हींतला फरक कळणार नाही, मी मोठा आकडा पाठवेन. माझ्या कामाची पद्धत खरोखर अशी आहे. प्रामाणिक माणूस यात मागे पडतो याचं मलाही वाईट वाटतं.

लोकलचा डबा
म्हणून तर ओळीत आकड्यासोबत कारण हवं. ‘पॅनसाठी गॅलरी’ हे वाचून तुम्हालाही कळेल की या बाईने खरंच काही केलंय. ‘४० टक्के वाढ’ कशाची, हे तुम्ही विचारता का?

चौथा मजला
वेळ मिळाला तर. रोज नाही मिळत.

हिंजवडी फेज ३
तुम्ही दोघंही प्रॉडक्ट कंपनीतलं बोलताय. मी सर्व्हिस कंपनीत प्रॉडक्ट ओनर आहे. ग्राहकांशी क्लायंटचा माणूस बोलतो, काय बांधायचं तोच ठरवतो, आणि रिलीजनंतरचा आकडा आम्हाला दाखवतही नाहीत. माझ्यासारख्याने डिस्कव्हरी लिहिली तर ते खोटं होईल. आणि लिहिली नाही तर चौथा मजला यांच्या यादीत मी नाही. नाचणीताईंना ११ फोन करता आले, कारण फोन नंबर त्यांच्या हातात होते. प्रत्येक ओळीत आकडा आणायचा कुठून?

लोकलचा डबा
प्रत्येक ओळीत आकडा हवा या मताचा मी नाही. क्लायंटने मागितलेलं एखादं काम तुम्ही कधी अडवलंत का? किंवा सपोर्टची तिकिटं वाचून ‘हे आधी करू’ असं सुचवलंत आणि त्यांनी ऐकलं? तर ते लिहा, आकड्याशिवाय. ‘सपोर्टची २०० तिकिटं गटवार लावली, त्यावरून क्लायंटने रिपोर्टचं काम मागे ढकलून लॉगिनचं पुढे घेतलं’ ही ओळ मला चालते. तिला डिस्कव्हरी हे नाव देऊ नका, मी वाचणारा ते ओळखतो.

हिंजवडी फेज ३
असं एकदा झालं होतं. पण सहा वर्षांत एकदाच. त्यावर प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून अर्ज करावा का, हे मला अजून ठरवता येत नाही. क्लायंटचं नाव लिहिता येत नाही, म्हणजे विश्वासही कुणी ठेवणार नाही.

लोकलचा डबा
नावाची अडचण नाही. ‘अमेरिकेतली विमा कंपनी’ एवढं पुरतं. एका प्रसंगावर अर्ज करावा का, याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. आमच्याकडे मी अशा दोघांना घेतलं. एकाचं छान चाललंय, दुसऱ्याला फार जड गेलं.

नाचणी
नवीन ओळी लिहिल्या. बघा:

‘प्रॉडक्ट डिस्कव्हरी: अर्ज अर्धवट सोडलेल्या ११ ग्राहकांशी बोलून अडथळा शोधला. पॅनचा फोटो मोबाइलमध्ये असूनही अ‍ॅप फक्त कॅमेरा उघडत होतं.’

‘प्रायॉरिटायझेशन: सहा आठवड्यांचा चॅटबॉट पुढे ढकलून नऊ दिवसांचा बदल आधी केला. अर्ज पूर्ण होण्याचं प्रमाण शाखा आणि जाहिरात या दोन्ही गटांत ५ अंकांनी वाढलं.’

‘रिस्क टीमचा विरोध होता. गॅलरी पॅनपुरती ठेवून आणि दोन आठवडे प्रत्येक पॅनची हाताने तपासणी करून त्यांची मान्यता मिळवली.’

३०० स्टोरीजची ओळ काढून टाकली. काढताना जड गेलं, दोन वर्षांचं काम होतं ते.

चौथा मजला
शब्द सुरुवातीला आले, हे उत्तम केलंत. तिसऱ्या ओळीच्या आधीही जेडीतला शब्द टाका, नाहीतर शोधात ती सापडणार नाही.

लोकलचा डबा
ओळी चांगल्या झाल्यात. एक शंका अजून आहे. शाखेत नव्याने आलेल्या ३०० जणांना अर्ज भरताना शाखेतलं कुणी मदत करत होतं का? तसं असेल तर ७० चे ७५ त्यामुळेही होतील. निम्म्याच लोकांना गॅलरी आधी उघडून दिली असती तर हा वाद उरला नसता, पण ते आता होणे नाही. एक गोष्ट बघता येईल: बदलानंतर पॅनचे किती फोटो गॅलरीतून आले? १०० पैकी दोन-तीनच असतील, तर ५ अंकही तुमचे म्हणता येणार नाहीत.

नाचणी
आत्ता डॅशबोर्डवर बघितलं. १०० पैकी ३१. शाखेत मदतीला माणूस असतो, पण सगळ्या शाखांत नाही. तो नसलेल्या शाखांचा आकडा वेगळा काढता येतो का, ते सोमवारी डेटा टीमला विचारते. तोवर ५ अंकांची ओळ ठेवू की काढू?

हिंजवडी फेज ३
ठेवा. ३१ जणांना कॅमेऱ्याची गरज लागली नाही, हे तर खरं आहे.

लोकलचा डबा
त्यातल्या काहींनी गॅलरी नसती तर कार्ड शोधून कॅमेऱ्याने फोटो काढलाच असता. म्हणून मी असतो तर सोमवारपर्यंत ३१ चा आकडा लिहिला असता, ५ चा नाही.