मुलांशी फोटो शेअर करण्याबद्दल बोलताना: तुमचे अनुभव

ओसरी
काल कपाट आवरताना लेकीची नववीतली वही हाती लागली. शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात "सॉरी कसं म्हणू" असं लिहून चार वेळा खोडलेलं. सगळं परत आठवलं, म्हणून लिहितेय.

तिच्या मैत्रिणी रात्री राहायला आल्या होत्या. पाचजणींचा एक सेल्फी निघाला. पुढे चौघी खिदळतायत आणि मागे गादीवर पाचवी, तिला 'म' म्हणते, नुकतीच रडून उठलेली. डोळे सुजलेले, नाक लाल. लेकीचं लक्ष स्वतःच्या चेहऱ्याकडे. फोटो स्टेटसला गेला. 'म'ने पाहिल्यावर वीस मिनिटांत काढला, तोवर ३१ जणांनी बघितला होता. कोणी बघितला ती नावं दिसली, स्क्रीनशॉट कोणी घेतला हे कुठे दिसणार?

दोन महिन्यांनी वर्गाच्या ग्रुपवर 'म'चा नुसता चेहरा कापून केलेलं स्टिकर आलं. कोणी काही रडगाणं लावलं की तेच चिकटवायचे.

मी आधी ओरडले. फोन काढून घेईन म्हटलं. ती दार लावून बसली. मग रात्री तिच्याशेजारी बसून तोच फोटो मोठा केला आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारलं, हिला विचारलं होतंस? ती म्हणाली, "अगं, सगळ्यांना दिसत होतं ना मी फोटो काढतेय." तिथे मला कळलं की ती खोटं बोलत नव्हती. काढू देणं म्हणजेच टाकू देणं, असंच तिला वाटत होतं.

तुमच्या घरी हे बोलणं कसं झालं?

काजवा
आमच्याकडे उलटं झालं. मी मुलाला समजावायला बसले, तर तो म्हणाला, "माझा टबातला फोटो तुझ्या अल्बममध्ये अजून आहे. मला विचारलं होतंस?" बोलतीच बंद. दोघांनी बसून २०११ पासूनचे अल्बम चाळले. सतरा फोटो त्याने काढायला लावले. त्यातला एक माझा फार लाडका होता, तरी काढला. पण तोच फोटो मावशीने कधीच उतरवून घेतलाय आणि दर वाढदिवसाला टाकते. आता तिला कोण सांगणार, यावर घरात चर्चा चालू आहे.

पाऊलवाट
मुलांना View once वापरायला शिकवा ना. एकदा उघडला की गेला, आणि स्क्रीनशॉटही घेता येत नाही. आम्ही तेच ठरवलंय, तेव्हापासून डोक्याला ताप नाही.

शेवंता
@ओसरी वाचून पोटात तुटलं. त्या मुलीच्या आईला तुम्ही सांगितलं का? बाकी नंतर लिहिते, बाळ उठलं.

दीपस्तंभ
@पाऊलवाट, अर्धं बरोबर. २०२१ मध्ये ती सोय आली तेव्हा स्क्रीनशॉट बिनधास्त निघायचा, तो पुढच्या वर्षी अडवला. पण दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढणं कुठलंच अ‍ॅप अडवू शकत नाही. मी नववी-दहावीच्या मुलांशी या विषयावर बोलतो. "एकदाच दिसणारा फोटो कसा ठेवाल?" विचारलं की दुसऱ्या फोनचं उत्तर मुलंच देतात. तोटा असा की 'जाणारच आहे' म्हणून त्यात मुलं एरवी टाकली नसती अशी गोष्ट टाकतात.

Delete for everyone चंही तसंच. साधारण दोन दिवसांपर्यंत चालतं, पण समोरच्याच्या गॅलरीत फोटो आपोआप उतरला असेल तर तिथला जाईलच याची खात्री नाही. ओसरींच्या बाबतीत अ‍ॅडमिन ग्रुपमधलं स्टिकर काढू शकतो. ज्यांनी ते आपल्याकडे साठवलं, त्यांच्या फोनमधून काढायला त्या प्रत्येकालाच सांगावं लागतं.

बकुळफुल
माझ्या फोनमधले सगळे फोटो चुकून डिलीट झाले आहेत. परत आणता येतील का? फार महत्त्वाचे आहेत.

दीपस्तंभ
@बकुळफुल, Google Photos मध्ये बॅकअप असेल तर Trash मध्ये ६० दिवस राहतात. आयफोनवर Recently Deleted मध्ये ३०. आधी तिथे बघा, उगाच कुठलं रिकव्हरी अ‍ॅप टाकू नका.

काजवा
मुलाला हेच वाचून दाखवलं. "म्हणजे मी काढलेला फोटो माझ्याच फोनमध्ये दोन महिने?" म्हणाला आणि उठून बघायला गेला.

ओसरी
@शेवंता, नाही सांगितलं. 'म' म्हणाली आईला नको. मी तिचं ऐकलं. बरोबर केलं का, अजून कळत नाही.

सांगायचं राहिलं. लेकीने आधी लांबलचक मेसेज लिहिला होता. मी म्हटलं, मेसेजचाही स्क्रीनशॉट होतो, भेटायला जा. भेटल्यावर 'म'ला सॉरी नको होतं. "तू त्यांना सांग, मी सांगितलं तर अजून चिडवतील." लेकीने ग्रुपवर काहीच लिहिलं नाही, कारण तिथे बोललं की स्टिकर अजून चार वेळा पडलं असतं. पाच मुलं ते वापरत होती, त्या पाचांना एकेकट्याला गाठलं. तिघांनी तिच्यासमोर काढलं. एक म्हणाला काढतो. एकाने दाद दिली नाही.

रानवारा
मी सरळ दर रविवारी मुलीचा फोन तपासतो. त्याशिवाय काही कळत नाही.

शेवंता
@रानवारा, आणि त्यात तिच्या मैत्रिणींनी विश्वासाने पाठवलेलं तुम्ही वाचता, त्यांना कोणी विचारलं?

रानवारा
मुलगी तेरा वर्षांची आहे हो. काही झालं तर मैत्रिणी येणार आहेत का निस्तरायला?

दीपस्तंभ
हा वाद माझ्या प्रत्येक पालकसभेत होतो, मिटलेला बघितला नाही. मी फक्त विचारायची पद्धत सांगतो. "फोटो टाकू का?" असं घोळक्यात विचारलं की कोणी नाही म्हणत नाही. तोच फोटो त्या व्यक्तीला एकटीला पाठवायचा आणि कुठे टाकणार, कोण बघणार, हे सांगायचं. उत्तर आलं नाही तर ते 'नाही' समजायचं. कोणी नंतर नको म्हटलं तर कारण न विचारता काढायचा.

अनामिका
भाचीचं प्रकरण याहून गंभीर आहे, कपड्यांवरून समजून घ्या. वय १६. काय करू?

दीपस्तंभ
तिला आधी सांगा की चूक पसरवणाऱ्याची आहे. पाठवणाऱ्याचं नाव, खातं, तारीख, धमकी असेल तर तीही नोंदवून ठेवा, गप्पा पुसू नका. पण तो फोटो पुरावा म्हणूनसुद्धा कोणाला पुढे पाठवू नका, तिने तुम्हालाही नाही. takeitdown.ncmec.org वर १८ च्या आतल्या वयात काढलेल्या अशा फोटोंसाठी मोफत सोय आहे. फोटो त्यांच्याकडे जात नाही, तुमच्याच फोनवर त्याचा एक आकडेरूपी ठसा बनतो आणि सहभागी साइट्स तो शोधून फोटो काढतात. मर्यादा अशी की खाजगी, एन्क्रिप्टेड गप्पांपर्यंत ते पोचत नाही. पोलिसात जायचं असेल तर तिच्याबरोबर मोठं माणूस हवं.

अनामिका
आज रात्रीच बसते तिच्याबरोबर.

पाऊलवाट
@ओसरी, दोघी बोलतात का अजून?

ओसरी
बोलतात. परवा सगळ्या जमल्या होत्या. कॅमेरा निघाला की 'म' पटकन म्हणते, "आण, मी काढते तुमचा."

बकुळफुल
मिळाले!! Trash मध्येच होते सगळे. खूप धन्यवाद. त्यात मी मागच्या महिन्यात मुद्दाम काढलेला एक होता, तो आता तिथूनही काढला.