सोव्हिएत संघाचं ‘पतन’ की ‘विघटन’?

खडूफळा: सराव परीक्षेचे पेपर तपासतेय. प्रश्न असा: ‘सोव्हिएत संघाच्या पतनाची आर्थिक, राजकीय व राष्ट्रवादी कारणे लिहा.’ एका मुलीने उत्तरात सगळीकडे ‘विघटन’ लिहिलंय. शिवाय १९९१ मध्ये रशियाने केंद्राकडे करांचा पैसा पाठवायला हात आखडता घेतला, हे तिने ‘राष्ट्रवादी’खाली टाकलंय. सहकारी म्हणतात, पैसा आला की आर्थिक, मार्क कापा. तुमचं मत?

धातुवेडा: विघटनच. घट म्हणजे मडकं, ते फुटलं की विघटन.

वोल्गाकाठ: मडक्याचा संबंध नाही हो. ‘घट्’ धातू, संघटनाच्या उलट विघटन. पण मुलीने नेमकं बोट ठेवलंय. पतन कम्युनिस्ट पक्षाच्या सत्तेचं झालं: मार्च १९९० मध्ये घटनेच्या सहाव्या कलमातली मक्तेदारी गेली, ऑगस्ट १९९१ चं पक्षातल्या कट्टरांचं बंड फसल्यावर पक्षच मोडीत निघाला. संघ मात्र डिसेंबरपर्यंत होता.

आता युक्रेन बघा. मार्च १९९१ च्या सार्वमतात तिथल्या सुमारे ७० टक्के मतदारांनी नव्या स्वरूपातला संघ टिकवायला होकार दिला. १ डिसेंबरला ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वातंत्र्याला. दुकानं दोन्ही वेळा रिकामीच होती. मधे घडलं ते बंड. तेलाचे भाव १९८६ मध्ये कोसळले, धान्य आयातीला परकीय चलन पुरेना, हे टंचाईचं कारण झालं. टंचाईने सरकार पडेल, पंधरा देश कसे होतील?

साखरकूपन: माझा मामा तेव्हा मॉस्कोत शिकत होता. साखरेला कूपन लागायचं. त्याला विचारा, रशिया कशाने फुटला ते! पोटाने.

वोल्गाकाठ: रशिया फुटला नाही. येल्त्सिनच्या नेतृत्वाखालचा रशियाच संघातून अंग काढून घेत होता. जून १९९० मध्ये त्याने आपले कायदे संघाच्या कायद्यांपेक्षा वरचढ ठरवले. कर अडवणं हे त्याच भांडणातलं हत्यार. म्हणून मी ते ‘राजकीय’त घालेन. राष्ट्रवाद म्हणायचा तर बाल्टिक देशांचा: १९४० मध्ये बळाने घेतलेले, १९८९ ला हातात हात धरून रस्त्यावर उभे राहिलेले.

उंबरठा: इतकं सोपं नाही. ‘आमचं धान्य आम्हालाच’ हा युक्रेनमधला प्रचार पोटाचा की अस्मितेचा? तुमच्या खणांत तो कुठे बसवाल?

खडूफळा: मग मुलीला मार्क द्यायचे ना? कर अडवल्याचा परिणाम तिने चांगला लिहिलाय, केंद्राची तिजोरी आटली म्हणून.

उंबरठा: द्या. कारण एका खणातलं आणि परिणाम दुसऱ्यातला, हे तिला कळलंय.

साखरकूपन: आमच्या घरी सगळे ‘रशिया फुटला’च म्हणायचे. पेपरातही रशियाच छापून यायचं. आता अचानक चूक?

धातुवेडा: रूढ आहे म्हणून शुद्ध होत नाही. आणि ‘सोव्हिएत’ तरी कुठे बरोबर? ‘सोविएत’ लिहा.

साखरकूपन: व्होल्गाचं वोल्गा करणारे आधीच आहेत इथे, तुम्ही आणखी भर घाला.