मदत हवी आहे: औषधाच्या तेलुगू-इंग्रजी लेबलचा तक्ता टाइप करताना अडलोय

मामांनी आदिलाबादहून कपाशीसाठी इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल आणलंय, त्याचं माहितीपत्रक तेलुगू-इंग्रजीत आहे, ते जसंच्या तसं टाइप करून खाली मराठी लिहितोय. तक्त्याचं डोकं घडीवर फाटलंय, माव्याच्या ओळीत २०-२५, १००-१२५, ५००-७००, ४० एवढे आकडेच राहिलेत. पहिला मी सक्रिय घटक ग्रॅममध्ये धरला आणि दुसरा औषध मिलीमध्ये, कारण १०० मिलीत घटक साधारण २० ग्रॅमच बसतो, मग पाणी लिटरमध्ये आणि ४० म्हणजे शेवटच्या फवारणीपासून वेचणीपर्यंतचे दिवस, सगळं हेक्टरी, एकराला अडीचने भागायचं, बरोबर ना? विषबाधेवरच्या उपचाराची इंग्रजी ओळ पुसलीय, फक्त तेलुगू उरलीय, ती मला अंदाजाने लिहायची नाहीये, कोणाला तेलुगू वाचता येत असेल तर फोटो पाठवतो, प्लीज अक्षर न् अक्षर सांगा.