क्रिएटिन मला लागूच पडत नाही का? (मदत हवी आहे)

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. मी आणि माझा रूममेट एकाच जिमला जातो आणि एकाच डब्यातलं क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज ५ ग्रॅम घेतो. तो जन्माचा शाकाहारी, अंडंसुद्धा खात नाही. महिन्याभरात त्याचं वजन दीडेक किलोने वाढलं. बेंच प्रेसच्या चौथ्या सेटला पूर्वी सहावर अडकायचा, आता त्याच वजनाला आठ-नऊ मारतो. माझ्यात मात्र काडीचा फरक नाही. मी मालवणकडचा, दोन्ही वेळा ताटात मासे, रविवारी मटण. डोस १० ग्रॅम करू का? की काही जणांना हे लागू पडतच नाही?

दांडपट्टा:
लोडिंग केलं होतंस का? दिवसाला २० ग्रॅम, चार वेळा विभागून, पाच-सहा दिवस. ते केल्याशिवाय स्नायू भरतच नाहीत.

रसशाळा:
दांडपट्टा, लोडिंगने भरतात लवकर, एवढंच. स्वीडनमध्ये हल्टमन यांच्या गटाने १९९६ साली दाखवलं की रोज ३ ग्रॅम घेणारेही साधारण चार आठवड्यांत त्याच पातळीला पोचतात. याचा महिना होऊन गेलाय, म्हणजे अडचण तिथे नाही.

खाडीकाठ, तुझ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा तुझ्या ताटातच आहे. स्नायूत क्रिएटिन किती मावतं याला मर्यादा असते. वाळवलेल्या स्नायूच्या नमुन्यात मोजलं तर मांसाहारी माणसात किलोमागे साधारण १२० मिलिमोल सापडतं आणि कितीही घेतलं तरी १५०-१६० च्या पुढे सहसा जात नाही. मासे-मटणात किलोमागे ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन असतं, शिजवताना त्यातलं थोडं जातं. दूध-पनीरमध्ये नावाला, डाळीत नाहीच. त्यामुळे तुझा रूममेट फक्त शरीर स्वतः बनवतं त्यावर चालतो. तो समजा १०० वर असेल, तर त्याला पन्नासेक मिलिमोलची जागा आहे. तू मुळातच १४० वर असलास, तर तुला दहा-वीसच. भरलेल्या हंड्यात अजून पाणी ओतलं तर ते बाहेरच सांडणार, इथे ते लघवीवाटे जातं. म्हणून १० ग्रॅम करून पैसेच जातील.

सोनटक्का:
जपून हो! माझ्या भावाने हे घेतलं आणि रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं आलं. किडनीवर परिणाम होतो ना?

रसशाळा:
ताई, क्रिएटिनिन हे क्रिएटिनपासूनच तयार होतं, त्यामुळे पावडर घेणाऱ्याचा आकडा किडनी ठणठणीत असतानाही थोडा वर सरकू शकतो. भावाने डॉक्टरांना पावडरबद्दल सांगितलं होतं का? सांगितलं तर ते सिस्टॅटिन सी तपासून खात्री करून घेतील. आधीपासून किडनीचा त्रास असेल तर मात्र विचारल्याशिवाय घेऊ नये.

खाडीकाठ:
दादा, पटलं. पण जिममध्ये आणखी एक जण आहे, रोज अर्धा किलो चिकन खातो, त्याला चांगलाच फरक पडला. मग ताटाचा हिशोब कुठे गेला?

रसशाळा:
बरोबर पकडलंस. एकट्या आहाराने सगळं उलगडत नाही. कॅनडात सायरोटुइक आणि बेल यांनी २००४ मध्ये ११ तरुणांना पाच दिवस लोडिंग देऊन मांडीच्या स्नायूचे नमुने तपासले. तिघांची पातळी छान वाढली, पाच जण मधेच राहिले आणि तिघांची जवळपास हललीच नाही. न हललेल्यांची सुरुवातीची पातळी जास्त होती. पण ज्यांची वाढली त्यांच्यात जलद आकुंचन पावणारे तंतू जास्त होते आणि ते जाडही होते. तुझ्या चिकनवाल्या दोस्ताचे तंतू तसे असतील. अर्थात ११ माणसांवरून फार ताणू नये, आणि तुझी खरी पातळी बायोप्सीशिवाय कोणी सांगू शकत नाही.

दांडपट्टा:
मग त्याने बंद करावं का? लोडिंग न करताही भरतं हे मला माहीत नव्हतं, पण महिन्याभरात निकाल लावणंही घाईचं वाटतं.

रसशाळा:
आधी नीट मोजावं. खाडीकाठ, तू फरक पाहतोस तो एकाच जड रेपमध्ये का? तिथे तो फारसा दिसत नाही. सेटमधली विश्रांती घड्याळ लावून दोन मिनिटं ठेव, वजन तेच ठेव आणि तिसऱ्या-चौथ्या सेटचे रेप्स वहीत लिही. मग चार ते सहा आठवडे पावडर बंद. तेवढ्यात पातळी मूळ जागी येते. बंद काळात शेवटच्या सेटचे रेप्स घसरले तर ती थोडंफार काम करत होती. झोप आणि जेवण मात्र बदलू नकोस, नाहीतर काहीच कळणार नाही.

खाडीकाठ:
खरंच मी फक्त वन रेप मॅक्स बघत होतो. सोमवारपासून वही. श्रावण जवळ आलाय, घरी महिनाभर मासे बंद असतात. त्या काळात पावडर घेतली तर हिशोब बिघडेल का?

रसशाळा:
बिघडेल, दोन गोष्टी एकदम बदलतील. आधी वहीचे आठवडे पूर्ण कर. पण श्रावणात मासे सुटल्यावर तुझी पातळी किती खाली येईल आणि मग पावडर तुला लागू पडेल का, हे मलाही बघायला आवडेल. आकडे इथेच टाक.