सायबर सुरक्षेचे सत्र: प्रसंग घडवावेत की कार्यपद्धत बदलावी?

आस्थापना विभाग, पुणे: लेखा, खरेदी आणि स्वागतकक्षातील सहकाऱ्यांसाठी दीड तासाचे सत्र ठेवायचे आहे. नियम वाचून दाखवण्याऐवजी खरे वाटतील असे प्रसंग घ्यावेत, असा विचार आहे. कोणते घ्यावेत, आणि त्याने काही फरक पडतो का?

जुना हिशेबनीस: लेखा विभागासाठी एकच प्रसंग घ्या, पण तो शेवटपर्यंत न्या. पुरवठादाराचा ईमेल येतो की आमचे बँक खाते बदलले आहे, या बिलाची रक्कम नव्या खात्यात भरावी. त्याचीच मेलपेटी चोराच्या हाती गेलेली असेल, तर पत्ता, बिलाची रक्कम, जीएसटी क्रमांक सगळे बरोबर असते. फक्त खाते क्रमांक आणि आयएफएससी वेगळा. शुद्धलेखनाच्या चुका शोधा, हा नेहमीचा सल्ला इथे निरुपयोगी ठरतो. त्या ईमेलची छापील प्रत हातात द्या आणि पुढे काय कराल, एवढेच विचारा. बरेच जण म्हणतील, उत्तर पाठवून खात्री करू. तिथेच थांबवा, कारण ते उत्तर चोरच वाचणार आहे. ईमेलखालच्या क्रमांकावर फोन केला, तरी तोच उचलेल. फोन करायचा तो जुन्या खरेदी आदेशावरच्या क्रमांकावर.

संगणक विभाग: मला हे पटत नाही. महिनाअखेरीस साहेब डोक्यावर उभे असताना सत्रात ऐकलेले कोणाला आठवणार? खाते एकाने नोंदवावे, दुसऱ्याने स्वतः फोन करून मंजूर करावे, अशी पद्धतच लावा. शिवाय एप्रिल २०२५ पासून एनईएफटी-आरटीजीएस करण्याआधी खातेदाराचे नाव पाहण्याची सोय आहे.

जुना हिशेबनीस: ती सोय जरूर वापरावी, पण मिळत्याजुळत्या नावाने खाते उघडलेले असेल तर ती पुरत नाही. आणि दोन सह्यांची पद्धत आमच्याकडे आहेच. दुसरा माणूस पहिल्याची सही पाहून सही करतो. म्हणून सत्रात दोघांनाही बसवा आणि घाई करणाऱ्या साहेबांची भूमिका खऱ्या साहेबांनाच द्या. कनिष्ठाने ‘फोन झाल्याशिवाय रक्कम सोडणार नाही’ असे म्हटल्यावर त्यांनी ते ऐकून घेतले, हे सर्वांना दिसले पाहिजे.

स्वागतकक्ष: आम्ही बिले पाहत नाही. मला साहेबांचा फोटो लावलेल्या अनोळखी क्रमांकावरून व्हॉट्सॲप आले होते, बैठकीत आहे, तातडीने गिफ्ट कार्डे घे. चांगला अँटिव्हायरस टाकला तर असे संदेश थांबतील ना?

संगणक विभाग: नाही, त्या संदेशात पकडण्यासारखा व्हायरसच नसतो. साहेबांच्या नेहमीच्या क्रमांकावर फोन करणे, हाच उपाय. तुमच्यासाठी हा प्रसंग वेगळा घ्यायला हवा, हे मात्र मान्य.

खरेदी विभाग, नाशिक: पैसे गेल्यानंतरची पहिली दहा मिनिटेही करून दाखवा: बँकेला फोन, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार. रक्कम चोराने खात्यांतून काढून घेतलेली नसेल, तरच ती गोठवता येते. ओरडा बसेल म्हणून कोणी संध्याकाळपर्यंत गप्प राहिले, तर ती संधी जाते. त्यासाठीच, न सांगता बनावट ईमेल पाठवून फसलेल्यांची नावे लावण्याला माझा विरोध आहे.

संगणक विभाग: नावे लावू नयेत, पण चाचणी हवीच, नाहीतर सत्राचा उपयोग झाला की नाही, हे कळणार कसे?