अनुभव धागा: रीशेडमध्ये शार्पनिंग व रंग जुळवून दूरचे स्पष्ट दिसावे म्हणून काय केलेत?

‘युरो ट्रक सिम्युलेटर २’मध्ये महामार्गावरचे फलक अगदी जवळ येईपर्यंत पुसट दिसतात. रीशेड वापरून ज्यांनी यावर काही उपाय केला असेल, त्यांनी कोणता फिल्टर, किती मूल्य आणि काय बिघडले, हे लिहावे.

रातराणी: मी LumaSharpen.fx मधले sharp_strength मूळ 0.65 वरून थेट दीडच्या पुढे नेले आणि फलकांवरची अक्षरे ठळक झाली. जितके वाढवाल तितके लांबचे दिसते, असा माझा अनुभव आहे.

चौथा गिअर: फलकांपुरते ते खरे आहे, पण त्याच चित्रात विजेच्या तारा आणि कुंपणाच्या जाळ्या पाहा, ट्रक चालू लागताच त्या लुकलुकू लागतात. याच फिल्टरमध्ये शार्पनिंगचा नमुना दाखवणारा पर्याय आहे. तो सुरू केला की पडदा राखाडी होतो आणि कोणत्या कडांवर काम होत आहे, तेवढेच उरते. माझ्याकडे त्यात फलकापेक्षा झाडांची पानेच अधिक उठून दिसली, म्हणून मी ताकद 0.5 च्या आसपास आणली आणि sharp_clamp मूळ 0.035 वरच ठेवले. कडेला पांढरी किनार येऊ न देण्याचे काम तेच करते. शिवाय, जो फलक मुळातच चार-पाच पिक्सेलांत काढला गेला आहे, त्यावरची अक्षरे कोणताही फिल्टर निर्माण करू शकत नाही. त्यासाठी आधी खेळातल्या ग्राफिक्समधले स्केलिंग वाढवावे आणि मग सौम्य शार्पनिंग द्यावे. स्केलिंगने ग्राफिक्स कार्डावर ताण येतो, हे गृहीत धरावे.

कोकणकडा: माझा प्रश्न जरा वेगळा आहे. रात्री पुलाखालून जाताना माझ्याकडे सगळे काळे दिसते. शार्पनिंग कमी पडते आहे का?

चौथा गिअर: Levels.fx सुरू आहे का ते पाहा. त्याचे काळे टोक मुळात 16 आणि पांढरे 235 असते. म्हणजे 16 पर्यंतच्या सगळ्या छटा सपाट काळ्या होतात. ती 0 आणि 255 करा.

कोकणकडा: तेच होते. आता दुभाजक दिसतो.

सांजसकाळ: दिवसा मात्र हेच फिल्टर मला उपयोगी पडते. धुक्यातला डोंगर पुसट दिसतो, तो कडा बोथट असल्यामुळे नव्हे, तर उजेड-अंधारातला फरक कमी असल्यामुळे. त्यामुळे काळे टोक थोडे वर घेतल्यास तो शार्पनिंगपेक्षा चांगला उठतो. रात्रीसाठी वेगळा प्रीसेट ठेवावा लागतो, हे ओघाने आलेच. Vibrance.fx ने मात्र फिकट रंग गडद होण्यापलीकडे लांबचे काही अधिक दिसले नाही.

रातराणी: मी ताकद कमी करून पाहिली, तारा शांत झाल्या, पण अक्षरेही मऊ झाली. CAS.fx यापेक्षा बरे का? आणि रंगांचा फिल्टर यादीत शार्पनिंगच्या वर ठेवावा की खाली?

सांजसकाळ: मी वर ठेवतो, म्हणजे आधी रंग आणि मग कडा.

चौथा गिअर: मी उलट ठेवतो, कारण शार्पनिंगनंतर फरक वाढवला की कडाही आपोआप ठळक होतात आणि ताकद कमी पुरते. CAS.fx आधीच ठळक असलेल्या कडांना कमी धार देते, म्हणून तारा कमी त्रास देतात. पण फलक कोणता अधिक चांगला वाचता येतो, याबद्दल माझे मत अजून पक्के नाही.